गर्भावस्थेत लोहाच्या गोळीमुळे वाढणारी बद्धकोष्ठता : गोळी न सोडता करावयाचे उपाय

गर्भवती माता व कुटुंबीयांसाठी माहिती

गर्भावस्थेच्या चौथ्या महिन्यापासून आपणास आरोग्य केंद्रातून लोह व फॉलिक आम्लाची लाल गोळी दिली जाते. अनेक मातांना ही गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांतच शौचास कठीण होऊ लागते. पोट जड वाटते, कुंथावे लागते, गुदद्वाराशी आग होते. त्याविषयी कोणाशी बोलण्याचा संकोच वाटतो आणि पुष्कळदा माता कोणालाही न सांगता गोळी घेणे थांबवितात. डबीतील गोळ्या मात्र पुढील भेटीत ‘संपल्या’ असे सांगितले जाते. त्यामुळे रक्तातील हिमोग्लोबिन का वाढत नाही, हे तपासणाऱ्या परिचारिकेला व डॉक्टरांना कळत नाही.

या पत्रकात त्या त्रासाचे कारण, गोळी चालू ठेवूनही तो कमी करण्याचे मार्ग, गर्भावस्थेत सुरक्षित असलेली मल मऊ करणारी औषधे आणि टाळावयाची औषधे यांची माहिती दिली आहे.

बद्धकोष्ठता कशास म्हणावे?

रोज शौचास झालेच पाहिजे असा नियम नाही. काहींना दिवसातून दोनदा, तर काहींना एक दिवसाआड होते. मल मऊ असेल व त्रास नसेल तर दोन्ही योग्यच आहे. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होत असेल, मल लेंड्यांसारखा कोरडा व कठीण असेल, फार कुंथावे लागत असेल किंवा शौचानंतरही पोट साफ झाल्यासारखे वाटत नसेल, तर त्यास बद्धकोष्ठता म्हणावे.

लोहाची गोळी घेणाऱ्या मातेच्या मलाचा रंग काळसर किंवा गडद हिरवट होतो. न शोषलेले लोह मलावाटे बाहेर पडत असल्यामुळे हा बदल होतो व तो निरुपद्रवी आहे. केवळ रंग बदलला म्हणून गोळी थांबवू नये. मात्र मल डांबरासारखा काळा, चिकट व अतिशय दुर्गंधीयुक्त असेल, तर ते आतड्यातील रक्तस्रावाचे चिन्ह असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

गोळीमुळे त्रास का वाढतो?

गर्भावस्थेत शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक वाढते. ते गर्भाशयाचे स्नायू सैल ठेवते, म्हणून गर्भ टिकून राहतो. परंतु आतड्यांचे स्नायूही त्याच प्रकारचे असल्यामुळे तेही सैलावतात. अन्न आतड्यातून सावकाश पुढे सरकते. जितका वेळ ते मोठ्या आतड्यात राहते, तितके त्यातील पाणी शोषले जाते व मल कोरडा होतो. पुढे वाढत्या गर्भाशयाचा दाबही गुदाशयावर पडतो. म्हणजे गोळी सुरू होण्यापूर्वीच आतड्याची चाल मंदावलेली असते.

त्यात लोहाची भर पडते. शासकीय लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. लहान आतडे या लोहातील थोडाच भाग शोषू शकते. उरलेले लोह मोठ्या आतड्यात जाऊन तेथील अस्तराला त्रास देते. त्यामुळे काहींना मळमळ वा पोटात दुखणे, काहींना जुलाब आणि पुष्कळांना बद्धकोष्ठता होते. गोळ्यांची संख्या वाढली की न शोषलेले लोह वाढते व त्रासही वाढतो. ज्या मातेस रक्तक्षयामुळे रोज दोन गोळ्या सांगितल्या आहेत, तिला हा त्रास अधिक होण्याचा संभव म्हणूनच असतो. आणि गोळीची गरजही तिलाच सर्वाधिक असते.

गोळी थांबविल्यास काय होते?

गर्भावस्थेत मातेच्या शरीरातील रक्ताचे प्रमाण सुमारे दीडपट होते. गर्भ व वार यांनाही लोह लागते. संपूर्ण गर्भावस्थेची लोहाची गरज सुमारे १००० मिलिग्रॅम असते आणि ती केवळ आहारातून भागणे बहुतेक मातांना शक्य होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. प्रसूतीच्या वेळी काही रक्तस्राव होतोच. हिमोग्लोबिन पुरेसे असलेली माता तो सहन करते. तीव्र रक्तक्षय असलेल्या मातेच्या जिवास तेवढ्यानेही धोका होऊ शकतो.

म्हणून राष्ट्रीय कार्यक्रमानुसार चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस व प्रसूतीनंतर आणखी १८० दिवस ही गोळी घ्यावयाची असते. हिमोग्लोबिन ७ ते १०.९ ग्रॅमच्या दरम्यान असल्यास रोज दोन गोळ्या दिल्या जातात.

एका मातेचे उदाहरण

पुढील उपाय प्रत्यक्षात कसे योजावेत हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका मातेस २२ वा आठवडा चालू आहे व तिचे हिमोग्लोबिन ९.६ आहे. तिला दोन लाल गोळ्या व कॅल्शियमच्या दोन गोळ्या दिल्या आहेत. ती सकाळी चहा व बिस्किटांबरोबर लोहाची एक गोळी घेते आणि रात्री जेवणानंतर दुसरी गोळी कॅल्शियमच्या गोळीसोबतच घेते. दोन्ही वेळा भात, पातळ वरण व बटाट्याची भाजी असे तिचे जेवण आहे. ती दिवसभरात चार पेले पाणी पिते; कारण शौचालय घरापासून दूर असल्याने वारंवार जाणे तिला नकोसे वाटते. दहाव्या दिवसापर्यंत तिला चार-चार दिवस शौचास होईनासे झाले. तिने गोळ्या थांबविल्या. २६ व्या आठवड्यात तपासणी केली असता हिमोग्लोबिन ९.५ भरले. परिचारिकेने शांतपणे विचारल्यावर तिने खरे सांगितले.

या मातेच्या दिनक्रमात पाच गोष्टी बदलावयाच्या आहेत : गोळ्यांच्या वेळा, आहारातील तंतू, पाणी, शौचाची सवय आणि गरज भासल्यास औषध.

पहिला बदल : गोळ्यांच्या वेळा

चहा व कॉफीतील द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात व ते शोषले जाऊ देत नाहीत. कॅल्शियमही लोहाच्या शोषणात अडथळा आणते. म्हणजे या मातेने गोळी घेऊनही तिच्या रक्तात लोह कमीच गेले आणि जे शोषले गेले नाही ते आतड्यात राहून त्रासाचे कारण ठरले. वेळा बदलल्या की तीच गोळी अधिक उपयोगी पडते.

तिला पुढीलप्रमाणे वेळा सांगण्यात आल्या. सकाळी ८.३० वाजता न्याहारीबरोबर कॅल्शियमची पहिली गोळी. ११ वाजता, न्याहारीनंतर दोन तासांहून अधिक वेळ गेल्यावर, लोहाची पहिली गोळी लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. दुपारी १ वाजता जेवणाबरोबर कॅल्शियमची दुसरी गोळी. रात्रीचे जेवण ७.३० वाजता आणि झोपण्यापूर्वी १० वाजता लोहाची दुसरी गोळी. चहा हवाच असेल तर दुपारी ४ वाजता, म्हणजे लोहाच्या कोणत्याही गोळीच्या जवळपास नाही. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व लोह शोषण्यास मदत करते.

ज्यांना रोज एकच लोहाची गोळी आहे, त्यांनी ती रात्री झोपताना घ्यावी. रिकाम्या पोटी गोळीने फार मळमळत असेल तर थोड्या अन्नासोबत घ्यावी. शोषण काहीसे कमी होईल, परंतु गोळी सुटण्यापेक्षा ते बरे. थायरॉईडची गोळी चालू असल्यास ती व लोहाची गोळी यांत किमान चार तासांचे अंतर ठेवावे.

एवढे करूनही त्रास सहन होत नसेल तर डॉक्टर गोळीतील लोहाचे स्वरूप, मात्रा किंवा घेण्याचे दिवस बदलू शकतात. काही मातांना शिरेतून लोह देण्याचाही पर्याय असतो. तो निर्णय आपले हिमोग्लोबिन व गर्भावस्थेचा आठवडा पाहून घेतला जातो. स्वतःहून एक दिवसाआड गोळी घेऊ नये.

दुसरा बदल : तंतुमय आहार

धान्य, डाळी, भाज्या व फळे यांच्या सालीत व चोथ्यात असणारे तंतू आपल्या पोटात पचत नाहीत. ते पाणी धरून ठेवतात, मलाचा आकार वाढवितात व त्यास मऊ करतात. मोठ्या व मऊ मलाने आतड्याची भिंत ताणली जाते आणि आतडे तो पुढे ढकलते. दिवसाकाठी साधारण ३० ग्रॅम तंतू पोटात जावेत असे उद्दिष्ट ठेवावे.

आपल्या उदाहरणातील मातेचा हिशेब पाहू. दिवसाचा २०० ग्रॅम पांढरा तांदूळ म्हणजे सुमारे ६ ग्रॅम तंतू, वरणातील ३० ग्रॅम तूरडाळीचे ३ ग्रॅम, बटाट्याचे २ ग्रॅम, बिस्किटांचा जेमतेम १ ग्रॅम, एकूण १२. पोटभर जेवूनही तंतू निम्म्याहून कमीच पडत होते.

आता तिचा नवा आहार असा : तांदूळ निम्मा केला, म्हणजे ३ ग्रॅम. त्याऐवजी १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या, १० ग्रॅम. वरण पूर्वीइतकेच, ३ ग्रॅम. दुपारच्या जेवणात ३० ग्रॅम अख्ख्या मुगाची उसळ, ५ ग्रॅम. रात्री १०० ग्रॅम पालेभाजी, ३ ग्रॅम. दुपारच्या फराळास बिस्किटांऐवजी एक मध्यम पेरू, सुमारे ६ ग्रॅम. बेरीज ३० होते. यात कोणताही महागडा पदार्थ नाही.

ज्वारीऐवजी बाजरी, नाचणी किंवा कोंड्यासह दळलेली कणीक चालते. या सर्वांच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ते ११ ग्रॅम तंतू असतात. पीठ मात्र चाळून कोंडा टाकू नये. आपण ज्या प्रांतात राहता तेथे भातच मुख्य अन्न असेल, तर भाताचा वाटा थोडा कमी करून हरभरा, चवळी, मटकी, मूग यांची उसळ व शेंगभाज्या वाढवाव्यात. फळे रस काढून न घेता चावून खावीत, कारण रस गाळताना तंतूच फेकले जातात. घरात पपईविषयी शंका असेल तर वाद नको. कच्ची पपई गर्भावस्थेत टाळावीच, आणि तंतूंसाठी पेरू, संत्रे, भिजविलेल्या मनुका वा अंजीर हे पर्याय आहेत. मधुमेह असलेल्या मातांनी फळांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

हा बदल एकदम करू नये. आतड्यातील जिवाणू तंतूंपासून वायू तयार करतात. अचानक तंतू दुप्पट झाले तर पोट फुगते व माता पुन्हा जुन्या आहाराकडे वळते. या मातेने पहिल्या आठवड्यात फक्त भाकरी व पेरू सुरू केला, दुसऱ्या आठवड्यात उसळ व पालेभाजी वाढविली.

तिसरा बदल : पाणी

तंतू पाणी धरतात, म्हणून पाण्याशिवाय त्यांचा उपयोग होत नाही. तंतू वाढविले आणि पाणी तेवढेच ठेवले, तर मल मोठा पण कोरडा होतो व त्रास उलट वाढतो. दिवसभरात ८ ते १० पेले पाणी व पातळ पदार्थ घ्यावेत. उन्हाळ्यात किंवा शेतावर काम असल्यास त्याहून अधिक. ताक, वरणाचे पाणी, सूप, शहाळे हे सारे यात धरावे. पुरेसे पाणी पोटात जाते की नाही हे लघवीच्या रंगावरून कळते : फिकट पिवळी असेल तर पुरेसे, गडद पिवळी असेल तर कमी. लोहाची गोळी घेण्याच्या वेळी मात्र ताक वा दूध घेऊ नये. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या मातांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

अनेक माता शौचालय दूर, सामायिक किंवा अंधारात असल्यामुळे पाणी कमी पितात व शौचाची भावना दाबून ठेवतात. ही अडचण मातेची एकटीची नाही. ती दूर करणे कुटुंबाचे काम आहे. सोबतीला कोणी जाणे, वाटेवर व आत दिव्याची सोय करणे, सकाळी घाईच्या वेळी तिला आधी जाऊ देणे, एवढ्यानेही मोठा फरक पडतो. पाण्याचा अधिक भाग दिवसा घेतला तर रात्री उठावे लागणे कमी होते.

चौथा बदल : शौचाची सवय व बैठक

अन्न जठरात गेले की मोठे आतडे आपोआप हालचाल करते, आणि ही हालचाल सकाळच्या न्याहारीनंतर जोरकस असते. म्हणून न्याहारीनंतर अर्ध्या तासात, भावना असो वा नसो, पाच ते दहा मिनिटे शांतपणे शौचास बसावे. भावना झाल्यावर ती कधीही दाबू नये. दाबून ठेवलेल्या मलातील पाणी शोषले जातच राहते व पुढील वेळी तो अधिक कठीण असतो.

भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसल्याने गुदाशयाचा मार्ग सरळ होतो. पोट मोठे झाल्यावर तसे बसणे कठीण जात असेल तर भिंतीवर पकडण्यासाठी दांडा बसवून घ्यावा. कमोड वापरत असल्यास पायांखाली सुमारे १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा पाट ठेवावा, जेणेकरून गुडघे कमरेहून वर येतील. मग किंचित पुढे वाकावे. श्वास रोखून जोराने कुंथू नये, त्याने मूळव्याध वाढते. डॉक्टरांनी विश्रांतीचा सल्ला दिलेला नसेल तर रोज अर्धा तास चालावे.

पाचवा बदल : मल मऊ करणारी सुरक्षित औषधे

वरील बदल करून एक ते दोन आठवड्यांत आराम पडला नाही, किंवा त्रास आधीच तीव्र असेल, तर औषध घेण्यास हरकत नाही. पुढील तीन औषधे रक्तात शोषली जात नाहीत किंवा अत्यल्प शोषली जातात, त्यामुळे बाळापर्यंत पोहोचत नाहीत. तरीही ती आरोग्य केंद्रात विचारूनच सुरू करावीत.

पहिले औषध इसबगोलाची भुसी. ती आतड्यात पाणी धरून फुगते व मल मऊ करते. एक ते दोन चहाचे चमचे भुसी पेलाभर पाण्यात ढवळून ताबडतोब प्यावी आणि त्यावर आणखी एक पेला पाणी घ्यावे. कोरडी भुसी तोंडात टाकू नये. ती घशात वा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. भुसी लोहालाही धरून ठेवते, म्हणून दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. आपल्या उदाहरणातील मातेने ती सायंकाळी ५ वाजता घेतली, म्हणजे दुपारच्या कॅल्शियमपासून व रात्रीच्या लोहापासून दूर. गुण येण्यास दोन ते तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशी काही झाले नाही म्हणून मात्रा वाढवू नये.

दुसरे औषध लॅक्ट्युलोज हे गोड पातळ औषध. ते आतड्यात पाणी ओढून घेते. साधारणपणे १५ मिलिलिटर, म्हणजे तीन चहाचे चमचे, रात्री घेऊन सुरुवात केली जाते व गुण पाहून डॉक्टर मात्रा कमी-अधिक करतात. परिणाम दिसण्यास एक ते दोन दिवस लागतात. सुरुवातीस पोटात वायू होतो. यात काही साखर असल्याने मधुमेह असलेल्या मातांनी तसे आधी सांगावे.

तिसरे पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड. पेलाभर पाण्यात विरघळवून ती दिवसातून एकदा घेतात. लॅक्ट्युलोजने फार वायू होत असल्यास डॉक्टर हिचा विचार करतात. जुलाब होऊ लागले तर कोणतेही औषध त्या दिवशी थांबवावे व मात्रा विचारून घ्यावी.

बिसाकोडिल किंवा सोनामुखी यांसारखी, आतड्यास चेतविणारी औषधे वरील उपाय अपुरे पडल्यावर, थोड्या दिवसांसाठी व केवळ डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावयाची असतात. प्रसूती जवळ आली असताना सोनामुखी टाळावी.

हे घेऊ नये

एरंडेल तेल घेऊ नये. ते केवळ पोटच साफ करते असे नाही; गर्भाशयाचे आकुंचनही सुरू करू शकते. ‘नववा लागला, थोडे एरंडेल द्या’ हा सल्ला कितीही आपुलकीचा असला तरी पाळू नये.

लिक्विड पॅराफिन असलेली औषधे घेऊ नयेत. पोट साफ होण्यासाठी दुकानात मिळणाऱ्या अनेक पातळ औषधांत हा घटक असतो. तो तेलात विरघळणारी अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वे शोषू देत नाही. बाटलीवरील घटकांची यादी वाचून घ्यावी किंवा दुकानदारास विचारावे. मॅग्नेशियम असलेली आम्लपित्ताची व पोट साफ करणारी औषधेही लोहाचे शोषण कमी करतात. ती सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.

घटक न लिहिलेली चूर्णे व काढे घेऊ नयेत. अशा पुष्कळ चूर्णांत सोनामुखी किंवा कोरफडीचा सुकवलेला रस अधिक मात्रेत असतो. ‘वनस्पतीचे आहे’ यावरून ते गर्भावस्थेत सुरक्षित ठरत नाही. त्याचप्रमाणे घरी एनिमा घेऊ नये.

त्वरित दवाखान्यात केव्हा जावे?

पुढील चिन्हे दिसल्यास घरगुती उपाय करीत बसू नये :

• पोटात तीव्र दुखते, पोट ताणून फुगते, उलट्या होतात आणि वायूही सरत नाही.
• पोट ठरावीक अंतराने कडक होऊन दुखते, किंवा योनीमार्गे रक्त अथवा पाणी जाते. हे पोट साफ नसल्याचे दुखणे नसून कळा असू शकतात.
• मलाबरोबर रक्त पडते किंवा मल डांबरासारखा आहे. मूळव्याधीमुळेही रक्त पडते, परंतु ते ठरविण्याचे काम डॉक्टरांचे आहे.
• धाप लागते, छातीत धडधडते, चक्कर येते, चेहरा फार फिकट दिसतो. ही तीव्र रक्तक्षयाची चिन्हे आहेत.

पहिल्या दोन स्थितींत थांबू नये. १०२ किंवा १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तसेच उपाय करूनही बद्धकोष्ठता टिकून असेल, फार थकवा व थंडी वाजत असेल, तर थायरॉईडची तपासणी करून घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

उदाहरणातील मातेचे पुढे काय झाले?

गोळ्यांच्या वेळा, आहार व पाणी यांतील बदल पहिल्या दिवसापासून सुरू झाले. मल आधीच फार कठीण असल्यामुळे डॉक्टरांनी पहिला आठवडा लॅक्ट्युलोज दिले. तिसऱ्या दिवशी शौचास झाले. दुसऱ्या आठवड्यात ते थांबवून सायंकाळी इसबगोल सुरू केले. तिसऱ्या आठवड्यापासून एक दिवसाआड, न कुंथता शौचास होऊ लागले. मल काळसरच राहिला, आणि तसे होणारच हे तिला ठाऊक होते. ३० व्या आठवड्यात हिमोग्लोबिन १०.७ झाले.

हा शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. गोळ्या नीट घेतल्या जात असतील तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने तरी वाढावयास हवे. तेवढे वाढले नाही तर गोळी खरोखर घेतली जाते का, वेळा बरोबर आहेत का, की रक्तक्षयाचे कारण वेगळे आहे, याचा शोध घ्यावा लागतो. म्हणूनच गोळ्या सुटल्या असतील तर ते स्पष्ट सांगावे. या मातेचे हिमोग्लोबिन ३४ व्या आठवड्यात ११.२ झाले व तिच्या गोळ्या दोनवरून रोज एक करण्यात आल्या.

पुढील भेटीस जाताना

माता व बाल संरक्षण कार्डासोबत एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात : गेल्या आठवड्यात किती वेळा शौचास झाले, मल कसा होता, लोहाच्या किती गोळ्या सुटल्या, आणि पोटासाठी घरून वा दुकानातून कोणते औषध घेतले. आशा कार्यकर्ती, परिचारिका किंवा डॉक्टर यांना तो कागद दाखवावा. तोंडाने सांगण्याचा संकोच वाटत असेल तर नुसता कागद पुढे केला तरी पुरे. दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय आरोग्य संस्थांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत गर्भवतींची तपासणी विनामूल्य होते. त्या दिवशीही याविषयी विचारता येते.